टीएसएच शून्याजवळ आणि टी३, टी४ वाढलेले: हा रिपोर्ट कसा वाचायचा?

«वय ३४, स्त्री. तीन-साडेतीन महिन्यांत सात किलो वजन उतरलं, भूक उलट वाढली आहे, छातीत सारखं धडधडतं. रिपोर्ट: टीएसएच ०.०१ पेक्षा कमी, टी३ ४२०, टी४ १७. थायरॉइड कमी असेल तर वजन वाढायला हवं ना? लगेच गोळ्या सुरू करू का?»

ताई, तुमचा थायरॉइड कमी नाही, वाढलेला आहे. ‘टीएसएच कमी’ हे शब्द वाचून माझ्याकडे येणारे निम्मे लोक इथेच फसतात. टीएसएच थायरॉइडमध्ये तयार होत नाही. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी तो पाठवते आणि तो थायरॉइडमागे लावलेला तगादा असतो: हार्मोन तयार कर, अजून तयार कर. रक्तात हार्मोन कमी पडलं की तगादा वाढतो, जास्त झालं की बंद होतो. तुमच्या रक्तात टी३ आणि टी४ ही थायरॉइडची दोन्ही हार्मोन भरपूर आहेत, म्हणून पिट्युटरी गप्प बसली आहे. धडधड, उतरलेलं वजन, वाढलेली भूक हे सगळं त्या जास्तीच्या हार्मोनचं काम.

एक गोष्ट आधी विचारतो. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या चालू आहेत का? थायरॉइड वाढला की केस गळतातच, त्यामुळे हा प्रश्न वाटतो तितका आडवळणाचा नाही. केसांच्या गोळ्यांत बऱ्याचदा ५ ते १० मिलिग्रॅम बायोटिन असतं आणि काही मशीनवर ते चाचणीतच लुडबुड करतं: टीएसएच खोटा कमी, टी३-टी४ खोटे जास्त. हुबेहूब तुमच्यासारखा रिपोर्ट. उतरलेले सात किलो खोटे नाहीत, त्यामुळे तुमचा आजार खराच दिसतो. पण पुढे मी आकड्यांचा भागाकार करणार आहे, आणि आकडेच भेसळीचे असतील तर तो फुकट जाईल. गोळी चालू असेल तर दोन-तीन दिवस थांबवून चाचणी पुन्हा करा.

आता मुख्य मुद्दा. हार्मोन जास्त आहे इतकंच हा रिपोर्ट सांगतो. ते का जास्त आहे, हे टीएसएचवरून कधीच कळत नाही, आणि गोळी द्यायची की नाही हे त्या ‘का’वर ठरतं. तुमच्या वयात मुख्यतः दोन शक्यता असतात. पहिली ग्रेव्हज. यात शरीराचीच अँटिबॉडी टीएसएचच्या जागी बसून थायरॉइडला हाकत राहते आणि कारखाना रात्रंदिवस चालतो. दुसरी थायरॉइडायटिस. यात ग्रंथीला सूज येते आणि आत साठवलेला माल गळून रक्तात येतो. कारखाना तर बंदच असतो. कार्बिमाझोल हे वाढलेल्या थायरॉइडवरचं औषध कारखाना थांबवतं. गोदामाची गळती ते थांबवू शकत नाही.

तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे एक बाई आल्या होत्या, वय २९, बाळ सहा महिन्यांचं. दीड महिन्यापूर्वी धडधड आणि हातांची थरथर म्हणून दुसरीकडे तपासणी झाली होती: टीएसएच ०.०२, टी३ २३०, टी४ १७.५. तिथे कार्बिमाझोल ३० मिलिग्रॅम सुरू झालं. माझ्यासमोर बसल्या तेव्हा चेहरा सुजलेला, आवाज जड, नाडी ५८. टीएसएच ३८ झाला होता. तो बाळंतपणानंतरचा थायरॉइडायटिस होता. त्यात गळती संपल्यावर थायरॉइड बऱ्याचदा काही काळ मंदावतो. गोळीने त्याला आणखी खाली ढकललं. टीआरएबी, म्हणजे ग्रेव्हजची अँटिबॉडी, निगेटिव्ह आली. कार्बिमाझोल बंद केलं, काही महिने थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडचं हार्मोनच, गोळीतून दिलं, मग तेही सुटलं.

आता त्यांचा पहिला रिपोर्ट तुमच्या रिपोर्टशेजारी ठेवा. टी४ जवळजवळ सारखाच, फरक टी३ मध्ये आहे. टी३ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आणि टी४ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये असेल, तर टी३ला टी४ने भागायचं. त्यांचं २३० भागिले १७.५, म्हणजे १३. तुमचं ४२० भागिले १७, म्हणजे जवळपास २५. साठ्यात टी४ खूप आणि टी३ थोडा असतो, म्हणून गळतीत टी४ चढतो आणि टी३ मागे राहतो. ग्रेव्हजमधली पेटलेली ग्रंथी मात्र टी३ जास्त प्रमाणात तयार करते. भागाकार २०च्या वर गेला की माझं मन ग्रेव्हजकडे झुकतं. (तुमच्या लॅबने टी३ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये दिला असता तर तो ४.२ दिसला असता; आधी एकक बघा. फ्री टी३, फ्री टी४ ला हा हिशोब लावू नका.)

दुसरा पुरावा काळाचा. ग्रंथीतला साठा साधारण दोन-तीन महिने पुरेल इतकाच असतो, म्हणून गळती आपोआप आटते. तुमचा त्रास साडेतीन महिन्यांचा आहे आणि आकडे अजून चढेच आहेत. हेही ग्रेव्हजच्या बाजूचं.

तरीही भागाकारावर मी औषध लिहीत नाही. टीआरएबी करून घ्या. ती पॉझिटिव्ह आली तर प्रश्न बहुतेक मिटला. निगेटिव्ह आली किंवा मानेला गाठ लागत असेल, तर टेक्नेशियमचा थायरॉइड स्कॅन: ग्रेव्हजमध्ये अख्खी ग्रंथी उजळते, थायरॉइडायटिसमध्ये जवळजवळ दिसतच नाही, एकच गाठ माजली असेल तर तेवढाच ठिपका पेटतो. स्कॅनआधी आणि कार्बिमाझोलआधीही गरोदर नाही याची खात्री हवी. सुरुवातीच्या महिन्यांत गरोदरपणच टीएसएच खाली आणू शकतं आणि तेव्हा कार्बिमाझोल टाळतात.

डॉक्टरांकडे जाईपर्यंत घरी दोन गोष्टी बघा. पहाटे अंथरुणातून न उठता मिनिटभर नाडी मोजा. नुसत्या काळजीची धडधड झोपेत शांत होते, थायरॉइडची झोपेतही ९०-१००च्या घरात राहते. मग आरशात बघा: समोर पाहताना बुबुळाच्या वर पांढरी पट्टी दिसते का, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं का? डोळे बाहेर आले असतील किंवा सुजले असतील तर ते ग्रेव्हजचंच लक्षण. नाडी वेडीवाकडी लागत असेल, ठोका चुकून मध्येच दोन घाईने पडत असतील, तर ईसीजी आजच काढा, आणि धाप लागत असेल तर थेट इस्पितळ.

धडधडीसाठी प्रोप्रॅनोलॉल कारण काहीही असलं तरी चालतं आणि काही तासांत आराम देतं. दमा असेल तर मात्र डॉक्टरांना आधी सांगा. कार्बिमाझोल सुरू झालं तर लगेच फरक पडणार नाही, जुना साठा संपायला काही आठवडे जातात. ते चालू असताना ताप आणि घसा दुखला तर गोळी थांबवून त्याच दिवशी सीबीसी करा, पांढऱ्या पेशी अचानक कोसळू शकतात.

सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त द्याल तेव्हा टी३ आणि टी४ बघा. ते नॉर्मल झाल्यावरही टीएसएच काही महिने ०.०१वर अडून राहू शकतो. गप्प बसलेली पिट्युटरी सावकाश जागी होते, आणि तेवढ्या आकड्यासाठी कुणी डोस वाढवू लागलं तर आधी टी४ विचारा.