फोटो रविवारचा, पोस्ट गुरुवारी

प्रश्न: मुलगी आज एक वर्षाची झाली. सासरे सोमवारपासून आयसीयूत आहेत, नवरा तिकडेच आहे. घरी काहीच करत नाही आहोत. पण मागच्या रविवारचा तिचा आजोबांच्या मांडीवरचा हसरा फोटो आहे, तो टाकावासा वाटतोय. कॅप्शन लिहिलंय: 'आमच्या चिऊचा पहिला वाढदिवस! परफेक्ट दिवस, सगळं घर एकत्र, खूप खूप आनंद.' वाचून मलाच खोटं वाटतंय. काय लिहू? की टाकूच नको?

उत्तर:

टाका. मूल वर्षाचं एकदाच होतं आणि फोटोत आजोबा आहेत, एवढं कारण मला पुरे वाटतं. फक्त त्याआधी सासूबाईंना आणि नवऱ्याला विचारा. आजारी माणूस त्यांचा आहे, त्यांच्यापैकी कुणी नको म्हणालं तर विषय संपला. तुमची पोस्ट वाचून माझं जुनं दुखणं वर आलं, म्हणून जरा लांबण लावते आहे, सांभाळून घ्या.

तुम्हाला खोटं नेमकं कुठे वाटतंय ते बघू. फोटो खरा आहे, वाढदिवस खरा आहे. 'आनंद'सुद्धा त्या मांडीपुरता, त्या रविवारपुरता खरा आहे. खटकतात ते दोनच शब्दप्रयोग: 'परफेक्ट दिवस' आणि 'सगळं घर एकत्र'. फोटोच्या अंगावर तारीख नसते. वाचणारा तो ज्या दिवशी बघतो त्याच दिवसाचा धरून चालतो. तुम्ही 'एकत्र' लिहिलंत की त्याला आज संध्याकाळी तुमच्या हॉलमध्ये नातीला घेऊन बसलेले आजोबा दिसणार. मग परवा कुठून तरी आयसीयूचं कळलं की तोच माणूस म्हणणार, 'अहो, पण गुरुवारी तर घरी होते ना?' तुम्ही एक अक्षर खोटं न बोलता खोट्या ठरता.

हे मला कसं माहीत, तर ऐका. काही वर्षांपूर्वी आई परळच्या एका हॉस्पिटलात होती, मी रजेवर होते. तिला दाखल करायच्या आधीच्या रविवारी धाकट्या बहिणीच्या मैत्रिणीचं केळवण झालं होतं, आमच्याच घरी. बहिणीने त्याचे फोटो आठवड्याच्या मधल्या वारी स्टेटसला टाकले, कारण त्या दिवशी तिला पहिल्यांदा दोन मिनिटं बसायला मिळालं. खाली लिहिलं, 'ताईबरोबर केळवण, फुल टू धमाल!' फोटोत मी हातात पुरणपोळीचं ताट घेऊन दात काढून हसतेय. आमच्या ऑफिसातल्या एकीकडे बहिणीचा नंबर होता. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल.

मी कामावर परत गेले तर टेबलावर पत्र: रजेचं कारण आणि 'समाजमाध्यमावरील छायाचित्र' यांत विसंगती आढळते, लेखी खुलासा करावा. मी मोबाईलच्या गॅलरीत फोटोचा तपशील उघडून दाखवला, रविवार, दुपारचे दीड. साहेब म्हणाले, तारीख काय, बदलता येते. मग हॉस्पिटलच्या लेटरहेडवर शिक्क्यासह दाखल्याची मागणी. हॉस्पिटलच्या बिलिंग खिडकीवर सांगितलं, दाखला डिस्चार्जनंतरच मिळेल, आणि तोही दुपारी दोन ते चार. त्या वेळेत मी कामावर. म्हणजे रजा खरी हे सिद्ध करायला आणखी रजा काढा! शेवटी त्यांनी ती सगळी रजा बिनपगारी केली, आणि औषधांची बिलं चालू असताना पगार कापला गेला तो गेलाच. नाव घेत नाही, पण दुसऱ्याच्या बहिणीच्या स्टेटसवरून हजेरी लावणारं ऑफिस मी दुसरं बघितलं नाही. असो. बहिणीवर मी तेव्हाही रागावले नाही. तिच्या ओळीत एकच शब्द कमी होता, 'रविवारी'.

म्हणून माझं मत ठाम आहे, पटलं नाही तर सोडून द्या: जुना हसरा फोटो वाईट दिवशी टाकताना फोटो कधीचा ते पहिल्या ओळीत लिहायचं. शेवटी नाही. इन्स्टाग्रामवर लांब कॅप्शनची सुरुवातच तेवढी दिसते, उरलेलं more च्या मागे जातं आणि ते कुणी उघडत नाही. कुटुंबाच्या ग्रुपवर टाकत असाल तर मी फोटोवरच कोपऱ्यात बारीक अक्षरांत वार लिहिते, कारण मावशी स्क्रीनशॉट काढून पुढे पाठवते आणि खालची ओळ गळून पडते. आणि मूळ फोटो फोनमधून उडवू नका. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोबरोबर काढल्याची तारीख-वेळ जात नाही, ती हवी तर फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा लागतो. तुम्हाला याची गरज पडू नये, पण मला पडली होती.

आता तुमचं कॅप्शन. 'परफेक्ट', 'सगळे', 'नेहमी', 'बेस्ट डे एव्हर' हे सगळे शब्द फोटोच्या बाहेर जाऊन अख्ख्या दिवसाबद्दल बोलतात, म्हणून ते काढा. त्यांच्या जागी फोटोत जे दिसतंय ते लिहा. चिऊने आजोबांचा चष्मा ओढलाय का? त्यांच्या सदऱ्याचं बटण तोंडात धरलंय का? असं काही असेल तर तेच लिहा, कारण ते त्या दिवशी झालं होतं आणि आजही तितकंच खरं आहे. चांगल्या दिवशीसुद्धा असं कॅप्शन 'खूप खूप आनंद'पेक्षा जास्त वाचलं जातं, पण ते जाऊ द्या.

मी आधी तुमच्यासाठी हे लिहिलं: 'फोटो मागच्या रविवारचा. आज चिऊ वर्षाची झाली. केक आजोबा घरी आले की.' मग खोडलं. एक तर 'घरी आले की' म्हणजे आजोबा घरी नाहीत हे जाहीर झालं. ज्यांना फोन गेलेला नाही, त्यांना स्टेटसवरून कळणं आपल्याकडे फार लागतं, त्यावरून वर्षभर बोलाचाली बंद झालेली घरं मला ठाऊक आहेत. दुसरं, आयसीयूतल्या माणसाच्या नावावर तारखेचा वायदा करू नये. डॉक्टर करत नाहीत, आपण कशाला करायचा? मग हे उरलं:

'मागच्या रविवारी, आजोबांचा चष्मा हस्तगत करताना. आज चिऊ एक वर्षाची झाली. यंदा केक नाही, घरी शिरा केला.'

चष्म्याच्या जागी तुमच्या फोटोत जे असेल ते घाला. शिरा केला असेल तरच शिरा लिहा, वरणभात असेल तर वरणभात. दोन वाटी रवा भाजायलाही आज घरात कुणी नसेल, तर 'यंदा केक नाही' एवढ्यावर थांबा. बघा, यात आजाराचा उल्लेख नाही, आणि सगळं छान चाललंय असंही कुठे म्हटलेलं नाही. ज्याला माहीत आहे तो 'केक नाही' वाचून समजेल. ज्याला माहीत नाही त्याला उद्या कळलं, तर त्याने परत येऊन हे वाचावं, एकही शब्द खोटा निघणार नाही. मी कॅप्शन टाकण्याआधी एवढंच तपासते: हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसलेल्या दिराने हे आत्ता वाचलं तर त्याला टोचेल का? 'परफेक्ट दिवस' नक्की टोचला असता.

उलट बाजूलाही जाऊ नका. 'हसऱ्या फोटोमागे किती काय दडलंय, देवालाच ठाऊक' अशा धाटणीचं अर्धवट कोडं घालणं मला तरी खोट्याच्याच घरचं वाटतं. त्याने होतं काय, तर 'काय झालं गं?' म्हणून फोनची रांग लागते, आणि तुमचा नवरा डॉक्टरांच्या फोनची वाट बघत असताना त्याचा फोन एंगेज. सांगायचं तर सरळ सांगा, ज्यांना सांगायचं त्यांना फोनवर, नाहीतर काहीच सांगू नका. न सांगणं हा तुमचा हक्क आहे, त्याला कुणी लपवाछपवी म्हणू नये. आजार सासऱ्यांचा आहे, त्यामुळे हॉस्पिटलचं नाव, लोकेशन, नळ्या लावलेला हात यातलं काहीही पोस्टमध्ये नको. घरचं लोकेशनही आज लावू नका, तेही 'आत्ता इथे आहोत' असंच वाचलं जातं.

स्टेटसला टाकणार असाल तर आधी Privacy मध्ये जाऊन Only share with… निवडा आणि मोजकी माणसं घ्या. नवऱ्याच्या ऑफिसातले लोक तुमच्या फोनमध्ये असतील तर निदान My contacts except… मध्ये त्यांना वगळा. हे टाकण्याआधी करायचं, कारण सेटिंग नंतर बदललं तर आधी टाकलेल्या स्टेटसला ते लागू होत नाही. अर्थात माझ्यासारखं ऑफिस सगळ्यांच्या वाट्याला येत नाही, मी जरा पोळलेली आहे म्हणून ताकही फुंकते. स्टेटस 24 तासांत आपोआप जातं, त्यामुळे आजच्यासारख्या दिवशी मला तेच बरं वाटतं. दरम्यान तिकडे काही बिघडलं तर लगेच काढून टाका, कारण देत बसू नका. इन्स्टाग्रामवर असेल तर कॅप्शन नंतर बदलता येतं किंवा पोस्ट आर्काइव्ह करता येते.

एक राहिलंच. कॅप्शन कितीही जपून लिहा, खाली 'पार्टी कधी?' येणारच, कुणीतरी हमखास विचारतं. तिथे 'लवकरच!!' असं लिहून जाऊ नका. तेवढ्या एका शब्दाने वरचं सगळं पाण्यात. 'सध्या नाही, तिला आशीर्वाद द्या' एवढं पुरतं. जो परत खोदून विचारेल त्याला तिथे उत्तर देऊ नका, जवळचा असेल तर फोन करा, नसेल तर बदामावर बोट दाबून पुढे जा.