परदेशातल्या आईचं कुलमुखत्यारपत्र

प्रश्न: आई परदेशात राहते. महाराष्ट्रातला तिचा फ्लॅट मी सांभाळतो. जनरल पॉवर ऑफ अटर्नी कशी करायची, आणि नंतर रद्द करता येते का?

उत्तर: आईने तिथल्या भारतीय वकिलातीत किंवा नोटरीसमोर सही करून कागद इकडे पाठवावा, आणि हो, ती तो कधीही रद्द करू शकते. नोंदणी कायद्याच्या कलम ३३ नुसार परदेशातल्या व्यक्तीसाठी हे दोन्ही मार्ग चालतात. मूळ प्रत राज्यात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क भरा. ही मुदत हमखास चुकते आणि मग ऐन वेळी कागद अडतो.

मसुद्यात 'सर्व व्यवहार पाहणे' एवढंच लिहून भागत नाही, कारण कोर्ट असे अधिकार शब्दशः वाचतं. भाडेकरार करणे, भाडं घेणे, सोसायटीत व महापालिकेत सही करणे, दावा चालवणे हे वेगवेगळं लिहा, फ्लॅटचा पूर्ण तपशील द्या. विक्रीचा अधिकार स्पष्ट दिला नसेल तर तो नाही असंच धरा. माझ्या मते तो यात घालूच नये. विक्री ठरली की त्यापुरतं वेगळं पत्र करावं.

रद्द करताना आईने लेखी रद्दपत्र करून ते तुम्हाला, सोसायटीला, बँकेला आणि भाडेकरूला पाठवायला हवं. ज्याला कळलेलंच नाही, त्याच्यापुरता जुना अधिकार चालू राहतो.

एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवा: आईचं निधन झालं किंवा तिची मानसिक क्षमता गेली, तर करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे हा अधिकार आपोआप संपतो. म्हणजे स्मृतिभ्रंशाची सोय म्हणून हा कागद करत असाल, तर नेमका तेव्हाच तो उपयोगी पडणार नाही.