थायरॉईडच्या गोळीला बारा दिवस झाले, तरी फरक का नाही?

"डॉक्टरांनी थायरॉईडची ५० मायक्रोग्रॅमची गोळी दिली, तिला आज बारा दिवस झाले. अंग तसंच जड, दुपारी डोळे मिटतात, केस गळायचे थांबले नाहीत. गोळी कमी पडते का? दोन घेऊ का रोज?" (फोंड्याच्या एक ताई, वय ४२)

दोन घेऊ नका, हे ताईंना आधी सांगितलं आणि मग कागदावर हिशेब मांडला.

या गोळीतल्या लेव्होथायरॉक्सिनचं अर्धायुष्य साधारण ७ दिवसांचं असतं. म्हणजे अंगात जेवढं औषध आहे त्यातलं निम्मं जायला आठवडा लागतो. आदल्या दिवसांचं बरंचसं शिल्लक असतानाच रोज नवी गोळी पोटात जाते, म्हणून साठा वाढत राहतो. पण शरीर रोज साठ्याचा ठरावीक हिस्सा काढून टाकतं. त्यामुळे साठा वाढेल तसं बाहेर जाणारं औषधही वाढतं आणि शेवटी रोज जेवढं आत तेवढंच बाहेर, असं होतं. ही झाली स्थिर पातळी.

तिथवरची वाट अशी: पहिल्या आठवड्याअखेर स्थिर पातळीच्या ५० टक्के, दुसऱ्याच्या अखेरीस ७५, तिसऱ्याच्या ८७, चौथ्याच्या ९४, पाचव्याच्या ९७. बाराव्या दिवशी ताई ७० टक्क्यांच्या आसपास होत्या. थायरॉईड मंद असताना हे औषध बाहेरही सावकाश पडतं, अर्धायुष्य ९-१० दिवसांपर्यंत जाऊ शकतं. तेव्हा त्या कदाचित त्याहूनही मागे असतील.

डोस वाढवला म्हणून ही मुदत कमी होत नाही. पातळी किती दिवसांत थांबेल ते अर्धायुष्य ठरवतं. डोस फक्त ती किती उंचीवर थांबेल ते ठरवतो. बाराव्या दिवसापासून रोज दोन गोळ्या घेतल्या असत्या, तर आठवड्याभरात साठा ठरलेल्या पातळीच्या १३५ टक्क्यांवर, दोन आठवड्यांत १६५ च्या पुढे आणि मग हळूहळू दुपटीकडे गेला असता. गरजेपेक्षा औषध जास्त झालं की धडधड, हातांना कंप, झोप उडणं असा त्रास सुरू होतो, आणि तो लगेच थांबवता येत नाही, कारण गोळी बंद केली तरी साठा निम्मा व्हायला पुन्हा आठवडा जातो. हृदयविकार असलेल्यांना आणि वयस्कांना हे धोक्याचं आहे. त्यांचा डोस म्हणूनच अनेकदा २५ किंवा त्याहून कमी मायक्रोग्रॅमपासून सुरू करतात.

ताईंना दोन आठवड्यांनी टीएसएच, म्हणजे थायरॉईडला कामाला लावणारं रक्तातलं संप्रेरक, तपासून घ्यायचं होतं. तेही थांबवलं. औषधाची पातळी थांबल्यावर मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी तिची दखल घेऊन टीएसएच कमी करते, त्याला आणखी वेळ लागतो. म्हणून तपासणी ६ ते ८ आठवड्यांनी. लवकर केली तर आकडा चढाच दिसतो आणि डोस विनाकारण वाढतो. थकवा त्याआधी थोडा हटू लागतो. केसांना मात्र काही महिने द्यावे लागतात.

हा सगळा हिशेब गोळी पोटातून रक्तात नीट उतरते असं धरून केलेला आहे. इथे ताईंची खरी अडचण सापडली. पोदेराचा हॉर्न वाजला की पाव, दुधाचा चहा, त्याच चहाबरोबर ही गोळी आणि मागोमाग कॅल्शियमची. कॅल्शियम आणि लोह या औषधाला आतड्यातच बांधून ठेवतात. दूध-चहानेही शोषण घटतं. मग कितीही आठवडे थांबलं तरी पातळी खालीच राहते. आता त्या उठल्याबरोबर साध्या पाण्याने गोळी घेतात, चहा-पाव निदान अर्ध्या तासाने, जमलं तर तासाने, आणि कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर. दोन्हींत ४ तासांचं अंतर हवं. बाटली चुलीशेजारच्या फळीवर होती, तीही हलवली. उष्णता आणि आपल्याकडची पावसाळी दमट हवा या गोळीला मानवत नाही, म्हणून झाकण घट्ट लावून ती कोरड्या कपाटात ठेवायची.

एखाद्या दिवशी विसर पडला तर? त्याच दिवशी आठवलं की रिकाम्या पोटी घ्यावी. पूर्ण दिवस हुकला तरी साठा जेमतेम दहा टक्क्यांनी उतरतो, त्यामुळे घाबरून दुसऱ्या दिवशी स्वतःच्या मनाने दोन घेऊ नयेत.

वेळ बदलल्यामुळे सहा आठवडे नव्याने मोजायला सांगितले आणि ती तारीख बाटलीवर लिहून दिली. तपासणीच्या सकाळी रक्त दिल्यावरच गोळी घ्यायची. डॉक्टरांनी तेव्हा डोस बदलला, तर त्या दिवसापासून पुन्हा सहा आठवडे. दिवस राहिले तर मात्र इतकं थांबायचं नाही. कळल्याबरोबर डॉक्टरांना गाठायचं, कारण गरोदरपणात गरज लवकर वाढते आणि टीएसएच साधारण दर ४ आठवड्यांनी पाहावा लागतो.