प्लॅन फुकटवर आणला, आता ड्राइव्हमधला पुरावा राहणार का?

"वकीलसाहेब, मी खानापूर तालुक्यातला. आमचा वाटणीचा दावा 2022 पासून चालू आहे. कागदांचे स्कॅन, बांध फोडतानाचे व्हिडिओ, सगळं गुगल ड्राइव्हवर ठेवलंय, 118 जीबी. 200 जीबीचा प्लॅन होता, तो 20 जानेवारी 2025 ला संपला, परत घेतला नाही. अकाउंट बंद केलं नाही, नुसतं फ्रीवर आलो. फायली अजून दिसतात पण मेल येईनात. 15 जीबीच्या वरचं काय होणार? कंपनीवर केस घालता येईल का?"

अकाउंट डिलीट केलं नाहीत एवढं बरं केलंत, नाहीतर आज विचारायला काही उरलंच नसतं. पण "नुसतं फ्रीवर आलो" म्हणताना तुमच्या डोक्यात जे आहे ना, की 15 जीबी आपलं पक्कं आणि वरचे 103 जीबी तेवढे धोक्यात, ते साफ चुकीचं आहे. असे मेल मला बरेच येतात आणि सगळ्यांचा समज हाच असतो. नियमात असं लिहिलंय की अकाउंट सलग दोन वर्षं मर्यादेच्या वर राहिलं तर जीमेल, फोटोज आणि ड्राइव्ह यातलं सगळं कंपनी काढू शकते. वरचं नव्हे, सगळं. कुठल्या फायली 15 जीबीच्या आतल्या आणि कुठल्या बाहेरच्या अशी विभागणीच तिथं नाही, तुम्ही 2018 मध्ये ठेवलेली पहिली फाइलसुद्धा त्यातच आली. हा नियम 1 जून 2021 पासून आहे, म्हणजे तुम्ही फ्रीवर आलात तेव्हा तो साडेतीन वर्षांचा जुना होता, वाचायला वेळ नव्हता असं म्हणायची सोय नाही.

आता तारखा बघा, कारण तुमच्या सगळ्या प्रश्नात ठरवणारी गोष्ट एवढीच आहे. प्लॅन संपला 20 जानेवारी 2025 ला आणि त्या दिवशी तुमच्याकडं 15 पेक्षा जास्त होतं, तेव्हा मोजणी तिथूनच सुरू झाली असं धरा. दोन वर्षं भरतात 20 जानेवारी 2027 ला. काढण्याआधी किमान तीन महिने कळवू असं कंपनी म्हणते, म्हणजे ऑक्टोबर 2026 च्या आसपास तुम्हाला सूचना येऊ शकते. ती येणार त्याच अकाउंटच्या मेलवर आणि अॅपमध्ये. घरी पोस्टमन रजिस्टर घेऊन येणार नाही, आणि ज्या अकाउंटचं मेल तुम्ही बघायचं सोडलंय तिथं आलेली सूचना "मला मिळालीच नाही" हे कुठल्या कोर्टात कितपत टिकेल याची मला तरी खात्री नाही.

दुसरा एक गैरसमज इथंच मोडतो. कुणीतरी तुम्हाला सांगितलं असणार की अधूनमधून लॉगिन करत राहा, मग काही होत नाही. तो नियम वेगळा. दोन वर्षं अकाउंट वापरलंच नाही तर बंद होतं, त्यासाठी लॉगिन उपयोगी. जागेच्या मर्यादेची मोजणी लॉगिननं थांबत नाही, रोज उघडून बघितलं तरी चालूच राहते. ती थांबते दोनच गोष्टींनी, एक तर जागा विकत घ्या नाहीतर सामान 15 च्या खाली आणा. थांबून परत वर गेलात तर मोजणी नव्यानं सुरू होते असा मी त्या शब्दांचा अर्थ लावतो, पण त्यावर पुराव्याचा जीव टांगून ठेवू नका.

आता ही तारीख तुमच्या दाव्याच्या शेजारी ठेवा. 2022 चा वाटणीचा दावा, भावांची लेखी कैफियत, मग मुद्दे निघणार, मग कुणीतरी वारस लावायचा राहिला म्हणून अर्ज, मग साहेबांची बदली, मग उन्हाळ्याची सुट्टी. तुमच्या तपासणीची पाळी जानेवारी 2027 च्या आधी येईल असं मी खानापूर कोर्टाबद्दल तर नाहीच, बेळगावबद्दलसुद्धा लिहून देणार नाही. आपली कोर्टं दोन वर्षात एक साक्षीदार संपवत नाहीत आणि कंपनीचे दोन वर्ष मात्र बरोब्बर दोन वर्षांतच संपतात. पाळी आली की बघू म्हणून तुम्ही बसलाय, त्या बसण्यातच पुरावा जायचा.

केस घालायचं म्हणता. बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात तुम्ही घालू शकता, तुम्ही जिथं राहता तिथं तक्रार करायची मुभा 2019 च्या ग्राहक कायद्यातल्या कलम 34 नं दिलीय, आणि सेवेसाठी भरलेला मोबदला पाच लाखापर्यंत असेल तर फीसुद्धा लागत नाही. अडचण वेगळीच आहे. त्याच कायद्याच्या कलम 2(42) मध्ये सेवा कशाला म्हणायचं ते सांगितलंय आणि फुकट दिलेली सेवा त्यातून सरळ वगळलीय. 20 जानेवारी 2025 नंतर तुम्ही कंपनीला एक रुपयासुद्धा दिलेला नाही. म्हणजे पैसे वाचवायला तुम्ही जे केलंत त्यानंच तुम्ही ग्राहक राहिलात का हा वाद उभा राहतो. जाहिराती दाखवून कंपनी कमावतेच की, मग फुकट कसली, असा युक्तिवाद करता येतो आणि मी असतो तर केलाही असता, पण तो जिंकेलच असं धरून चालू नका. पैसे भरलेल्या काळात काही बिघडलं असतं तर गोष्ट वेगळी, तुमच्या सांगण्यात तसं काही दिसत नाही. शिवाय तक्रारीची मुदत कलम 69 प्रमाणं दोन वर्षं, ती कारण घडल्यापासून धरतात, आणि अजून तुमचं काही गेलेलंच नाही, मग कारण कसलं घडलं? मेल थांबले ते जागा भरली म्हणून, नियमात लिहिल्याप्रमाणं थांबले.

2023 चा नवा डेटा कायदा आहे की, असं तुम्ही पुढं विचाराल. तो कायदा तुमचा डेटा पुसून मागायचा हक्क देतो. जपून ठेवा म्हणायचा हक्क त्यात नाही, उलट काम संपल्यावर पुसा असाच त्याचा कल आहे. तेव्हा तो तुमच्या कामाचा नाही.

मग करायचं काय. आधी वेगळं करा की परत मिळणारं काय आणि न मिळणारं काय. उतारे, फेरफार, 1956 च्या आधीचे मुंबई राज्यातले मराठी कागद, यांची नक्कल कचेरीतून परत निघते, वेळ जाईल, चकरा पडतील, एखादा क्लार्क कानडीत अर्ज आणा म्हणेल, पण निघते. बांध फोडतानाचे व्हिडिओ मात्र परत निघत नाहीत. ज्या फोनवर ते काढले तो फोन अजून घरात असला तर बंद करून कपाटात ठेवा, विकू नका. एक्स्चेंजमध्ये देऊन टाकला असेल (हे आमच्याकडं इतक्यांदा घडतं की आता रागसुद्धा येईना) तर ड्राइव्हमधली प्रत हाच तुमचा सगळा पुरावा उरला.

ते खाली उतरवायला प्लॅन घ्यावा लागत नाही, मर्यादेच्या वर असतानाही बघता येतं आणि डाउनलोड करता येतं. takeout.google.com वर जा, फक्त ड्राइव्ह आणि फोटोज निवडा, आणि पोचवायची पद्धत विचारेल तिथं मेलवर डाउनलोड लिंक हीच निवडा. ड्राइव्हमध्ये टाका हा पर्याय घेतलात तर भरलेल्या पोत्यात आणखी एक पोतं घालायला गेल्यासारखं होईल, जागाच नाही. पण तुमचे मेल अडकलेत, लिंकचा मेल येईल की नाही त्याची वाट बघत बसू नका, तयार झालेली फाइल त्याच पानावर दिसते, तिथून घ्या. लिंक साधारण आठवडाभरच चालते, आणि खेड्यातल्या नेटवर 118 जीबी म्हणजे मोठे तुकडे निवडलेत तर मध्येच तुटून परत पहिल्यापासून, तेव्हा तुकडे लहान ठेवा. वेगळ्या दोन हार्ड डिस्कवर ठेवा. उघडून, चालवून बघा. फायलीचं नाव, तारीख काही बदलू नका, व्हॉट्सअॅपवरून स्वतःलाच पाठवून ठेवायचा शहाणपणा तर अजिबात करू नका, त्यात व्हिडिओ दाबला जातो आणि मूळ राहत नाही.

हे उतरवून झाल्यावरच जागा मोकळी करा, त्याआधी एक फाइल उडवायची नाही. आणि उडवल्यावर ट्रॅश रिकामा करा, ट्रॅशमधलं 30 दिवस मोजणीत राहतं, फोटोज मध्ये 60. नेमकं किती उरलं ते one.google.com/storage वर दिसतं. एवढ्यानं जमत नसेल तर सरळ प्लॅन परत घ्या, दावा संपेपर्यंत भरत राहा, वकिलाच्या एका तारखेच्या फीपेक्षा तो स्वस्तच पडेल.

कोर्टात व्हिडिओ नुसता पेन ड्राइव्हवर दिला तर चालत नाही, प्रमाणपत्र लागतं. सुप्रीम कोर्टानं 2020 मध्ये अर्जुन खोतकरांच्या निवडणुकीच्या प्रकरणात ते बंधनकारक ठरवलं, मूळ फोन घेऊन मालकच साक्षीला उभा राहिला तर मात्र लागत नाही, म्हणून मघाशी फोन जपा म्हटलं. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 63 आलंय, त्यात फायलीचं हॅश मूल्य, म्हणजे फाइल जराशी बदलली तरी बदलणारा तिचा आकडा, द्यावं लागतं आणि एका भागावर जाणकाराची सही लागते. तुमचा दावा 2022 चा, म्हणून जुन्या पुरावा कायद्याचं 65बी लागतं की नवं 63 यावर समोरचा वकील भांडू शकतो, तुमच्या वकिलांना दोन्हीची तयारी ठेवायला सांगा. हॅश आजच काढून ठेवा, विंडोजमध्ये एका ओळीचं काम आहे:

```
certutil -hashfile video1.mp4 SHA256
```

जो लांबलचक आकडा येईल तो तारखेसह लिहून ठेवा, उद्या फाइल बदलली म्हणून कुणी ओरडलं तर तोच कामाला येतो.

आणि मेलचं. तुम्हाला पाठवलेलं मेल या काळात पाठवणाऱ्याकडं परत गेलं असणार, जागा मोकळी केली म्हणून ते मागाहून येणार नाही. वकिलांनी काही पाठवलं होतं का ते आजच फोन करून विचारा, दुसरा मेल आयडी द्या, आणि सीएनआर नंबर, म्हणजे कोर्टानं तुमच्या दाव्याला दिलेला नंबर, टाकून services.ecourts.gov.in वर बघा की या काळात कुठली तारीख चुकली. तुम्ही आणि वकील दोघंही गैरहजर म्हणून दावा काढून टाकला असेल तर परत लावून घ्यायच्या अर्जाला त्या दिवसापासून 30 दिवसच असतात.

तुमच्या भावाचं किंवा दुसऱ्या कुणाचं सामान मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हवर असेल तर माझी वरची दोन वर्षं त्यांना सांगू नका, तिथं फुकट जागा 5 जीबी आणि मुदत सहा महिन्यांची आहे.