मॅनेजरचं काम थांबवताना आधी हिशेब, मग किल्ल्या

भाड्याने दिलेलं घर सांभाळणाऱ्या मॅनेजरचं काम थांबवायचं असेल, तर त्याच्याशी केलेल्या करारातली नोटिशीची मुदत बघा आणि त्याला तारीख घालून लेखी कळवा. त्याच दिवशी भाडेकरूलाही लेखी सांगा, की अमुक महिन्यापासून भाडं थेट तुमच्या खात्यात भरायचं. हे राहिलं तर पुढचं भाडं मॅनेजरकडेच जातं आणि मागत बसावं लागतं.

भाड्याचा महिनावार हिशेब मागा आणि बँकेच्या स्टेटमेंटशी एकेक ओळ ताडून बघा. माझ्या हिशेबात एका महिन्याचं भाडं कमी जमा दिसलं; कारण लिहिलं होतं ‘नळदुरुस्ती’. मूळ पावती मागितली तेव्हा कळलं, की तोच खर्च आधीच्या महिन्यातही कापला होता. म्हणून नुसत्या बेरजेवर जाऊ नका, मूळ पावत्याच घ्या. भाडेकरूचं डिपॉझिट कोणाकडे आहे, हेही लिहून घ्या. ते मॅनेजरकडे राहिलं, तरी भाडेकरू घर सोडताना तुमच्याकडेच मागणार.

किल्ल्या मोजून घ्या: मुख्य दार, लेटरबॉक्स, मीटरची पेटी. प्रत्येक कुलपात फिरवून बघा आणि संख्या लिहून दोघांनी सही करा. एखादी जादा किल्ली प्लंबरकडे राहिलेली असते, तेही विचारा. हिशेब जुळेपर्यंत ‘काही येणं बाकी नाही’ असं लिहून देऊ नका.