सहापर्यंत हरकत न आल्यास

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला मेल आणि त्याखालची उत्तरं वाचली. मंगळवारी स्लॅब आहे, म्हणून रविवारीच लिहितोय. शुक्रवारी चार वीसला तू सात जणांना कळवलंस, 'आज सायंकाळी सहापर्यंत हरकत न आल्यास खालील बाबी मान्य समजून पुढे जाऊ', आणि खाली तीन बाबी दिल्यास. पहिली, टाइल्सची गाडी एक ऐवजी दोन नंबर गेटने आत घ्यायची. दुसरी, गेल्या बैठकीचं इतिवृत्त. तिसरी, प्लंबिंगचा शाफ्ट सरकल्यामुळे पाइप जाण्यासाठी बीममध्ये ठेवायची दीडशे मिलिमीटरची स्लीव्ह बीमच्या मधल्या भागातून उचलून कॉलमच्या तोंडापासून चारशे मिलिमीटरवर न्यायची. हरकत कुणाचीच आली नाही. तुमचे प्रोजेक्ट मॅनेजर म्हणतात, मौनं संमतिलक्षणम्, शटरिंग लावा.

पहिल्या बाबीला ते चालेल. गेट तुमच्याच ताब्यातलं, गाडी उलटी फिरवता येते, आणि कुणाला अडचण झालीच तर सोमवारी बोंब होईल आणि मिटेल. त्यासाठी पावणेदोन तासांची मुदतसुद्धा पुष्कळ झाली.

तिसऱ्या बाबीला मात्र ते लागू होत नाही. तिथे गप्प कोण आहे ते बघ. आर्किटेक्टने उत्तर दिलंय, पण टाइलच्या सॅम्पलबद्दल. म्हणजे मेल त्यांनी वाचलाय, पण बीममध्ये भोक कुठे पाडायचं हे ठरवणं त्यांचं कामच नाही. त्यांच्या ज्युनिअरचं 'नोटेड' आलंय. 'नोटेड' म्हणजे पोच. क्लायंटचे दोघं अशा मेलला कधीच उत्तर देत नाहीत, त्यामुळे त्यांच्या शांततेतून काहीच कळत नाही. उरले स्ट्रक्चरल कन्सल्टंट. ते सीसीमध्ये पाचव्या नंबरवर आहेत आणि त्यांच्या पत्त्यावरून चार एकवीसला आपोआप आलेलं उत्तर सांगतंय की ते बाहेर आहेत आणि सोमवारीच परततील. ज्या एका माणसाच्या होकाराला इथे किंमत, त्याने मेल उघडलेलाच नाही, आणि त्याचा पुरावा तुझ्याच इनबॉक्समध्ये पडलाय. उद्या वाद झाला तर समोरचा तोच कागद आधी काढेल.

तो मेल त्यांनी वाचला असता आणि तरी गप्प राहिले असते, तरी माझं उत्तर बदललं नसतं. लंडनच्या कोर्टात 1862 साली फेल्टहाउस विरुद्ध बिंडली नावाचा खटला चालला. काकाने पुतण्याला लिहिलं की उलट काही कळवलं नाहीस तर घोडा तीस पौंड पंधरा शिलिंगांना माझा झाला असं समजेन. पुतण्याने उत्तर दिलं नाही. गंमत म्हणजे त्याला घोडा काकालाच द्यायचा होता, लिलाववाल्याला तसं त्याने बजावलंही होतं. लिलाववाल्याने चुकून घोडा विकला, काका कोर्टात गेला आणि हरला. विचारणाऱ्याला आपल्या मनानेच 'उत्तर नाही म्हणजे हो' असा नियम दुसऱ्यावर लादता येत नाही. तुझी सहाची मुदत नेमकी तशी आहे. ती तू ठरवलीस, त्यांनी कधी मान्य केली नाही.

आता उलट बाजू. बांधकामाच्या करारांत गप्प राहण्याला वजन असतंच, फक्त ते आधी लिहून ठेवलेलं असतं. फिडिक या सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या 1999 च्या लाल पुस्तकातलं, म्हणजे नमुना करारातलं, 3.3 कलम बघ. इंजिनिअरने तोंडी सूचना दिली, कंत्राटदाराने दोन कामकाजी दिवसांत ती लेखी कळवली आणि पुढच्या दोन कामकाजी दिवसांत इंजिनिअरने लेखी नकार किंवा वेगळी सूचना दिली नाही, तर ते पत्रच लेखी सूचना ठरतं. यात मुदत दोघांनी सही केलेल्या करारातली आहे आणि ती कामकाजी दिवसांत मोजलेली आहे, शुक्रवार संध्याकाळच्या तासांत नाही. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे की मूळ शब्द इंजिनिअरचेच आहेत. त्याची शांतता त्याचंच म्हणणं पक्कं करते. तू मात्र त्यांच्या ड्रॉइंगच्या विरुद्ध जाणारी नवी गोष्ट मांडलीस आणि तिच्यावर त्यांचा होकार धरलास.

'इतिवृत्तावर तीन दिवसांत हरकत नसेल तर मान्य' हे पहिल्याच बैठकीत ठरलंय, तेव्हा दुसरी बाब मार्गी लागेल, पण सहाला नाही, ते तीन दिवस भरल्यावर. मॅनेजर त्याच नियमाखाली स्लीव्हही ढकलू बघतील. ढकलू देऊ नकोस. इतिवृत्त मान्य झालं म्हणजे बैठकीत काय बोलणं झालं ते मान्य झालं. त्याने ड्रॉइंग बदलत नाही.

एवढा काथ्याकूट का, तर जागेमुळे. साधारण बीममध्ये कातरबल आधाराजवळ सर्वांत जास्त असतं आणि तू स्लीव्ह नेमकी तिथे नेतोयस. कन्सल्टंट कदाचित हो म्हणतील, पण भोकाभोवती जादा रिंगा आणि तिरक्या सळ्या मागतील, किंवा थोडं आत सरकवा म्हणतील. ते लोखंड काँक्रीटच्या आधी बांधावं लागतं. स्लॅब झाल्यावर नकार आला तर नव्या जागेचं भोक भरा, कोअर कटिंग करा, त्यात सळई कापली जाईल, मग तिची दुरुस्ती वेगळी. गेट परत बदलता येतं तसं हे बदलता येत नाही.

म्हणून सोमवारी सकाळी स्लीव्हपुरता वेगळा मेल टाक. पत्ता फक्त कन्सल्टंटचा, बाकीचे सीसीत. विषयात आरएफआयचा, म्हणजे माहिती मागणाऱ्या पत्राचा, नंबर आणि बीमचा नंबर, सोबत जुनी आणि नवी जागा दाखवणारं एकच स्केच. मजकूर असा काहीसा: 'स्लीव्हच्या नव्या जागेला आपली लेखी मंजुरी आणि लागणारं जादा लोखंड सोमवारी पाचपर्यंत कळवावं. उत्तर न आल्यास स्लीव्ह मंजूर ड्रॉइंगप्रमाणे जुन्याच जागी ठेवू. तसं झाल्यास पाइप वळवून न्यावा लागेल आणि तिथलं सीलिंग खाली येईल.' यात गप्प बसण्याचा अर्थ 'आधी ठरलं तसं' एवढाच निघतो, आणि तो धरायला कुणाची परवानगी लागत नाही. शिवाय सीलिंग खाली येणार म्हटल्यावर आर्किटेक्ट स्वतःच कन्सल्टंटला फोन लावतील. ते माझ्या अनुभवाचं आहे, करारात कुठे लिहिलेलं नाही.

तूही दहाच्या आत फोन कर. ते फोनवर 'चालेल, वर दोन रिंगा जास्त टाका' म्हणाले, तर पाच मिनिटांत 'आपल्याशी आज सकाळी बोलणं झालं त्याप्रमाणे' असं लिहून पाठव. त्या मेलवर ते गप्प राहिले तर ती शांतता तुझ्या कामाची, कारण शब्द त्यांचे आहेत. तरी सळ्यांचा व्यास आणि रिंगांचं अंतर फोनवरच्या ऐकण्यावर बांधू नकोस, सहीचं स्केच माग.

आणि मंगळवारी सकाळपर्यंत यातलं काहीच आलं नाही, तर स्लीव्ह जुन्या जागीच आहे हे टेपने मोजून फोटो काढ, मगच काँक्रीट ओतायला परवानगी देणाऱ्या पोअर कार्डवर सही कर. मॅनेजरांना नवीच जागा हवी असेल तर त्या बीमसमोर सही त्यांनी करावी, तू करू नकोस.