हजेरीतला पॉज पकडा

तुमच्या कथेचा ड्राफ्ट वाचला, पोरीचं नाव ज्ञानदा ठेवलंत ते मस्त, इंग्रजी स्पेलिंग डी ने सुरू होतं त्यामुळे मराठी न येणारी टीचर हजेरी घेताना अडखळणारच. सध्या एवढंच बघा:

- चुकीचा उच्चार एकदाच लिहा, 'ड्नानाडा'. दरवेळी लिहिलात की विनोदी वाटायला लागतं. नंतर फक्त टीचरचा पॉज दाखवा, आधीचं नाव झालं की पोरगी स्वतःच 'हिअर' म्हणून टाकते, म्हणजे नाव उच्चारलंच जात नाही.
- टीचरला व्हिलन करू नका, बिचारी दमलेली असते.
- शेवटचं भाषण काढा, आठ वर्षांची पोर असं बोलत नाही हो. त्यापेक्षा एके दिवशी त्या पॉजमध्ये ती गप्प बसते आणि टीचरला विचारावंच लागतं.

बाकी फ्लॅशबॅकचं नंतर बघू.